कागद एलएसडीचा, माल भलताच

पोस्टाच्या तिकिटाहून लहान, चित्रं छापलेला एक चौकोनी कागद. गोव्यातल्या पार्ट्यांत, पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलांत त्याला कुणी ‘पेपर’ म्हणतं, कुणी ‘ब्लॉट’, कुणी ‘ॲसिड’. विकणारा सांगतो की यावर एलएसडी आहे. घेणाऱ्याच्या डोक्यात एक ऐकीव गोष्ट पक्की बसलेली असते: एलएसडीने डोकं फिरेल, भास होतील, वाईट अनुभवही येईल, पण त्याने माणूस मरत नाही. ही ऐकीव गोष्ट एलएसडीपुरती बऱ्याच अंशी खरी आहे, आणि म्हणूनच ती धोकादायक ठरते. कारण कागदावर एलएसडीच आहे, हे कागद पाहून कुणालाही सांगता येत नाही.

गेल्या पंधरा वर्षांत अशा कागदांवर वेगळीच रसायनं सापडू लागली. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा गट ‘एनबोम’ या नावाने ओळखला जातो. 25आय, 25सी आणि 25बी अशी त्यातल्या तीन मुख्य भावंडांची नावं. या लेखात मी याच गटाबद्दल लिहिणार आहे. लोकांना फिट येण्याच्या, ताप ४१ अंशांवर जाण्याच्या आणि मृत्यूच्या ज्या घटना ‘एलएसडीमुळे’ म्हणून सांगितल्या गेल्या, त्यांतल्या अनेकींच्या मुळाशी तपासाअंती हे एनबोमच निघालं.

आधी कागदाबद्दल. टीपकागदाचा तो तुकडा फार थोडा पदार्थ धरून ठेवू शकतो, फार तर काही मिलिग्रॅम. त्यामुळे मिलिग्रॅमच्या काही भागातच परिणाम करणारं रसायन असेल तरच ते कागदावर विकता येतं. एलएसडी तसं आहे. त्याचा नेहमीचा डोस ५० ते २०० मायक्रोग्रॅम असतो. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅममध्ये पाच ते वीस जणांचे डोस झाले. बाकीची बहुतेक मादक रसायनं एवढ्याशा मात्रेत काहीच करत नाहीत. त्यामुळे कैक वर्षं असा एक समज होता की कागदावर काही असेल तर ते एलएसडीच असणार, कारण दुसरं काही त्यावर मावणारच नाही. तो समज तेव्हा बऱ्यापैकी बरोबर होता. एनबोमने तो मोडला, कारण तेही काही शे मायक्रोग्रॅममध्ये काम करतं.

हे रसायन नशेसाठी बनवलेलं नव्हतं. २००३ च्या सुमारास बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत राल्फ हाइम नावाच्या संशोधकाने आपल्या पीएचडीच्या कामात ते तयार केलं. मेंदूत सेरोटोनिन नावाचं एक संदेशवाहक रसायन असतं आणि ते पेशींवरच्या वेगवेगळ्या ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरांना चिकटून काम करतं. त्यांतला एक ‘टू-ए’ ग्राही. त्याला घट्ट आणि नेमकं चिकटणारं काहीतरी प्रयोगशाळेत हवं होतं, म्हणजे त्याचा अभ्यास करता आला असता. एनबोम तसं निघालं. पुढे त्याच्याच एका भावंडाला किरणोत्सारी खूण जोडून मेंदूच्या स्कॅनमध्ये हा ग्राही कुठे किती आहे ते पाहण्यासाठी वापरलं गेलं. त्या कामात त्याची मात्रा इतकी कमी असते की माणसाला काही जाणवतही नाही. २०१० च्या आसपास मात्र कुणीतरी हे शोधनिबंध वाचून मालाची मागणी नोंदवली, आणि ते इंटरनेटवर ‘रिसर्च केमिकल’ म्हणून विकायला आलं.

एलएसडीऐवजी हे कागदावर का आलं, याचं उत्तर सरळ आहे. एलएसडी बनवायला अर्गट बुरशीतून मिळणारे कच्चे पदार्थ लागतात. १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार जगभर त्यांच्यावर बारीक नजर असते. शिवाय ते बनवणं हे कसबी रसायनशास्त्रज्ञाचं काम. एनबोमला त्यांची गरज नव्हती, ते स्वस्त पडत होतं आणि सुरुवातीला अनेक देशांत ते बंदीच्या यादीतही नव्हतं. कागद तोच, छपाई तीच आणि एलएसडीचं नाव आधीपासून बाजारात चालणारं. फसवणुकीला यापेक्षा सोपी वाट नव्हती.

आता मुख्य प्रश्न. दोन्ही रसायनं त्याच ‘टू-ए’ ग्राहीवर काम करतात आणि दोन्हींनी भास होतात. मग एकाने फिट का येतात आणि दुसऱ्याने सहसा का नाही?

पंख्याच्या रेग्युलेटरचा विचार करा. समजा, एक रेग्युलेटर असा आहे की कितीही फिरवला तरी तो तीनच्या पुढे जातच नाही. दुसरा सरळ पाचवर जातो आणि तिथेच अडकतो. एलएसडी हे पहिल्यासारखं वागतं. ते ग्राहीला घट्ट चिकटतं, पण त्याला अर्धवटच चालू करतं. औषधशास्त्रात अशा पदार्थाला आंशिक उत्तेजक म्हणतात. डोस वाढवला की अनुभव लांबतो, गोंधळ वाढतो, पण या एका मार्गाने पेशीला मिळणाऱ्या जोराला वरची एक मर्यादा असते. एनबोम मात्र ग्राहीला जवळपास सेरोटोनिनच्याच ताकदीने चालू करतं आणि सहजासहजी सोडत नाही. तिथे ती मर्यादा खूप वर सरकलेली असते.

‘टू-ए’ ग्राही मेंदूच्या बाह्यपटलात भरपूर असतात. ते जोरात चालू झाले की तिथल्या पेशी ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन जास्त सोडू लागतात आणि शेजारच्या पेशींनाही पेटवतात. अनेक पेशी एकाच तालात, न थांबता पेटत राहिल्या की त्यालाच आपण फिट किंवा आकडी म्हणतो. पण ‘टू-ए’ ग्राही फक्त मेंदूत नसतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतल्या स्नायूंवरही तो असतो, आणि तिथे तो चालू झाला की वाहिन्या आकसतात. त्याच वेळी शरीर ॲड्रेनॅलिनचा महापूर आल्यासारखं वागू लागतं. नाडी १५० च्या पुढे जाते, रक्तदाब चढतो, माणूस घाबरून, चवताळून धडपडायला लागतो.

इथून पुढे जे होतं ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक मृत्यू याच वाटेने होतात. धडपडणारे, थरथरणारे स्नायू भरपूर उष्णता निर्माण करतात. एरवी ती उष्णता त्वचेतून बाहेर पडते. पण त्वचेच्या वाहिन्या आकसल्या असल्या की तिला बाहेर पडायला वाटच उरत नाही. त्यात गर्दी असली, उकाडा असला, तासन्‌तास नाच चालला असला, तर शरीराचं तापमान वर वर जातं. तापलेल्या मेंदूला फिट लवकर येते आणि फिटमध्ये सगळे स्नायू आवळले गेले की ताप आणखी चढतो. दोघं एकमेकांना ढकलत राहतात. ४१ अंशांच्या आसपास स्नायूंच्या पेशी फुटू लागतात आणि त्यांच्यातलं मायोग्लोबिन रक्तात येऊन मूत्रपिंडाच्या गाळण्या तुंबवतं. लघवी चहासारखी गडद होते. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचा ठोका बिघडू शकतो, रक्त गोठण्याची व्यवस्थाही कोलमडते. या टप्प्यावर आलेल्या माणसाला वाचवणं अतिदक्षता विभागालाही जड जातं.

हे फक्त पुस्तकातलं नाही. इंग्लंडच्या ईशान्य भागात २०१३ मध्ये डॉक्टरांनी सात तरुणांची नोंद केली. त्यांच्या शरीरात 25आय-एनबोम असल्याचं प्रयोगशाळेत सिद्ध झालं होतं. सातही जणांची नाडी वाढलेली होती. स्नायू फुटल्याची खूण असलेलं क्रिएटिन कायनेज हे द्रव्यही सातही जणांच्या रक्तात वाढलं होतं. तिघांना फिट आल्या होत्या, तिघांचा ताप धोक्याच्या पातळीवर होता आणि एकाचं मूत्रपिंड तात्पुरतं निकामी झालं होतं. पुढे अमेरिकेतल्या एका पाहणीत प्रयोगशाळेत खात्री झालेले २० रुग्ण एकत्र तपासले, तर ८ जणांना फिट आलेल्या होत्या आणि ३ जण दगावले होते. हे आकडे सावधपणे वाचायला हवेत. रुग्णालयात पोहोचलेले आणि तपासणी झालेले रुग्ण मुळातच गंभीर असतात, त्यामुळे ‘एनबोम घेणाऱ्या दर पाचांतल्या दोघांना फिट येते’ असा अर्थ काढणं चूक ठरेल. पण एलएसडीच्या नावावर जे घेतलं जातं त्यात असं चित्र दिसावं, हेच मुळात धक्कादायक आहे.

तुलनेसाठी १९७२ मधली सॅन फ्रान्सिस्कोतली एक घटना पाहू. आठ जणांनी पांढरी पूड कोकेन समजून नाकात ओढली. ती शुद्ध एलएसडीची पूड निघाली. नेहमीच्या डोसच्या कैक पटींनी ती त्यांच्या शरीरात गेली. काही जण बेशुद्ध पडले, उलट्या झाल्या, ताप चढला, रक्तस्रावाची लक्षणं दिसली. रुग्णालयात आणलेले आठही जण वाचले. याचा अर्थ एलएसडी निरुपद्रवी आहे असा नाही. त्याच्या अमलाखाली लोक अपघातात मेले आहेत, सुप्त मानसिक आजार उफाळून आले आहेत, आणि मानसिक आजारासाठी लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्यांना एलएसडीनेही फिट आल्याचे अनुभव नोंदले गेले आहेत. पण त्या विषाचा स्वतःचा घाव आणि एनबोमचा घाव यांत फार मोठं अंतर आहे.

ओव्हरडोसबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तो कसा होतो हे अनेकांना कळत नाही. कागदावर रसायन एकसारखं पसरलेलं नसतं. द्रावणात बुडवून किंवा थेंब टाकून कागद वाळवतात. वाळताना द्रव कडेला किंवा एका कोपऱ्यात ओढला जातो आणि तिथे रसायन जास्त साठतं. एकाच पानावरून फाडलेल्या दोन चौकोनांत मात्रा बरीच वेगळी असू शकते. एलएसडीतही हे होतंच, पण तिथे दुप्पट मात्रा म्हणजे सहसा लांबलेली, भयाण रात्र. एनबोमची साधारण असर करणारी मात्रा आणि तडाखा देणारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. आधी एका चौकोनाने काही झालं नव्हतं म्हणून त्याच पानावरचा दुसरा निर्धास्तपणे घेणारा माणूस इथेच फसतो.

दुसरा सापळा आणखी बारीक आहे. एनबोम गिळलं तर यकृत त्यातलं बरंचसं रक्तात पोहोचण्याआधीच मोडून टाकतं. ते तोंडाच्या आतल्या त्वचेतून किंवा नाकातून शोषलं जातं तेव्हा मात्र थेट रक्तात जातं. म्हणजे कागद किती वेळ तोंडात राहिला, लाळेबरोबर किती गिळला गेला, यावर पूर्ण परिणाम अवलंबून असतो. एखाद्याला तासाभरात काही जाणवत नाही. ‘माल कच्चा आहे’ असं मित्र म्हणतात आणि तो आणखी एक चौकोन तोंडात ठेवतो. पहिला हळूहळू चढत असतो, त्यावर दुसऱ्याची भर पडते. नाकावाटे पूड किंवा थेंब घेणाऱ्यांत मृत्यू दिसले आहेत, त्याचंही कारण हेच. मायक्रोग्रॅममधला डोस डोळ्यांनी मोजता येत नाही आणि नाकातून तो जवळपास सगळाच रक्तात जातो.

हे ओळखायचं कसं? एनबोमचा कागद बहुतेकदा कडू, धातूसारखा लागतो आणि जीभ, ओठ बधिर होतात. एलएसडीला चव जवळपास नसते. त्यामुळे कडू लागताच थुंकून टाकणं केव्हाही चांगलं. पण उलट निष्कर्ष काढू नये. कडू लागलं नाही म्हणजे एलएसडीच, असं म्हणता येत नाही, कारण मात्रा कमी असेल किंवा चव झाकलेली असेल तर जिभेला काहीच कळत नाही. काही देशांत लोक एर्लिख नावाचं द्रावण वापरतात. एलएसडीच्या रेणूत एक विशिष्ट इंडोल वलय असतं आणि त्याच्याशी ते द्रावण जांभळा रंग देतं. एनबोममध्ये हे वलय नाही, म्हणून रंग येत नाही. रंग आला नाही तर कागदावर एलएसडी नाही, एवढं कळतं. रंग आला तरी त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही आणि मात्रा किती आहे, हे कळत नाही. म्हणून ही चाचणी ‘नको’ म्हणण्यापुरती उपयोगाची आहे, ‘चालेल’ म्हणण्यापुरती नाही.

रुग्णालयातही हे सहज सापडत नाही, आणि ते का हे एका केसवरून नीट कळतं. अमेरिकेत १८ वर्षांच्या एका मुलाला आपत्कालीन विभागात आणलं. त्याने चालत्या गाडीतून उडी मारली होती. तो चवताळलेला होता, त्याला भास होत होते, नाडी १५० ते १६० होती, रक्तदाब खूप चढलेला होता. त्याला आवरून ठेवावं लागलं आणि शिरेतून लोराझेपाम हे शांत करणारं औषध सतत चालू ठेवावं लागलं. तब्येत ताळ्यावर यायला ४८ तास लागले. नंतर व्हर्जिनियातल्या संशोधकांनी त्याचं रक्त तपासलं तेव्हा त्यात 25आय-एनबोम निघालं, दर मिलिलिटरला फक्त ०.७६ नॅनोग्रॅम. ढोबळ हिशेब करा. माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं, म्हणजे ५००० मिलिलिटर. त्याला ०.७६ ने गुणलं तर ३८०० नॅनोग्रॅम, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून चार मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. आणि तेवढ्यात एका तरुणाचं हे झालं.

नेहमीची लघवीची तपासणी ॲम्फेटामाइनसारख्या रसायनासाठी असते आणि ती मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅमच्या आसपास असेल तरच ‘आहे’ म्हणते. मुळात ती एनबोमसाठी बनवलेलीही नाही. त्यामुळे तपासणी ‘निगेटिव्ह’ येते. घरचे म्हणतात की पोरगा काही घेत नाही, आणि मेंदूज्वर किंवा मिरगीचा शोध सुरू होतो. खात्रीने सांगायला मास स्पेक्ट्रोमीटरची प्रयोगशाळा लागते आणि तिचा अहवाल येईपर्यंत रुग्णाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून ‘काय घेतलं, किती वाजता, कसं घेतलं’ ही मित्राने दिलेली खरी माहिती डॉक्टरांसाठी सर्वांत मोलाची ठरते. उरलेला कागदाचा तुकडा असेल तर तोही.

एनबोमवर उतारा म्हणून कोणतंही औषध नाही. डॉक्टर करतात ते असं: लोराझेपाम, मिडाझोलाम किंवा डायझेपाम देऊन धडपड आणि फिट थांबवतात, कारण ती थांबली की उष्णता निर्माण होणंच थांबतं. ताप जास्त असेल तर बर्फ आणि गार पाण्याने शरीर झपाट्याने थंड करतात. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नसतो, कारण हा ताप जंतूंमुळे आलेला नसतो आणि मेंदूतल्या तापमानाच्या कळीशी त्याचा संबंध नसतो. शिरेतून भरपूर द्रव देतात, क्रिएटिन कायनेज आणि मूत्रपिंडाचे आकडे पुन्हा पुन्हा पाहतात, गरज पडली तर बेशुद्ध करून व्हेंटिलेटरवर ठेवतात. चवताळलेल्या माणसाला हात-पाय बांधून नुसतं ठेवणं घातक असतं, कारण बांधलेला माणूस ताकदीने ओढत राहतो आणि आणखी तापतो. बांधावंच लागलं तर औषधाने लगेच शांत करावं लागतं.

बाजूला उभ्या असलेल्या माणसाने काय करावं, याबद्दल मला फार कळकळीने सांगावंसं वाटतं. फिट आलेल्याच्या तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. आपल्याकडे चप्पल किंवा कांदा हुंगवतात, त्याने काहीही होत नाही, फक्त वेळ जातो. डोक्याखाली मऊ काही ठेवावं, आजूबाजूच्या वस्तू हलवाव्यात, झटके थांबले की कुशीवर वळवावं म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. अंग भट्टीसारखं लागत असेल तर कपडे सैल करावेत, ओल्या कापडाने पुसावं, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे हाच क्रमांक आहे. झटके थांबले, माणूस झोपला म्हणून ‘आता उतरेल’ असं समजून त्याला खोलीत एकटं सोडू नये. अंग तापलेलं असताना शांत पडलेला माणूस अनेकदा बरा होत नसतो, खचत असतो. पोलिसांच्या भीतीने मित्र अनेकदा दोन-तीन तास वाट बघतात. त्या दोन-तीन तासांतच ताप चढून स्नायू आणि मूत्रपिंडाचं नुकसान होतं.

अमेरिकेने नोव्हेंबर २०१३ मध्ये या तीन एनबोमवर बंदी घातली. तोपर्यंत तिथल्या अंमली पदार्थविरोधी यंत्रणेने किमान १९ मृत्यूंचा संबंध त्यांच्याशी जोडला होता. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही त्यांना सर्वांत कडक यादीत टाकलं. पण बंदी रेणूच्या नावावर येते आणि बनवणारे रेणू थोडा बदलतात. ब्राझीलमध्ये कागदांवर ‘एनबोह’ नावाची पुढची पिढी सापडली. नेहमीच्या गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापवला की ती मोडून आपल्याच जुन्या नातलगाचं, 2सी-आयचं, रूप घेते. त्यामुळे ही गोष्ट ठाऊक नसेल तर प्रयोगशाळेचा अहवालही चुकू शकतो. त्याशिवाय डीओबीसारखी जुनी रसायनंही कागदावर येतात. ती चढायला दोन-तीन तास घेतात आणि दिवसभर टिकतात. तिथेही ‘काही होत नाही’ म्हणून दुसरा कागद घेण्याची तीच चूक होते, आणि हाता-पायांच्या रक्तवाहिन्या इतक्या आकसू शकतात की बोटं निळी पडतात. हातापायांना बधिरता येऊन ते पांढरे-निळे आणि गार पडले, तर तेही तातडीने रुग्णालयात जाण्याचं लक्षण आहे, माणूस शुद्धीवर आणि बोलत असला तरी.